नवा जोडलेला पीसी उठतच नाही? आधी पंख्याकडे बघा

आमच्याकडे नव्या पीसीचे दोन हंगाम. एक जूनमध्ये, आंब्याचे पैसे हातात आलेले असतात आणि पोरांची कॉलेजं सुरू व्हायची असतात तेव्हा. दुसरा गणपतीच्या आधी, चाकरमानी भाचरांसाठी लॅमिंग्टन रोडवरून पार्ट घेऊन कोकणकन्येतून उतरतात तेव्हा. कणकवलीतल्या माझ्या दुकानात दोन्ही हंगामांत फोन मात्र एकच येतो. "सगळं जोडलं, बटण दाबलं, चालूच होत नाही. बोर्ड खराब आलाय वाटतं."

मदरबोर्ड खराब नसतो. कधीतरी असतोही, पण ते सगळ्यात शेवटी म्हणायचं असतं आणि लोक सगळ्यात आधी म्हणतात. नुकत्याच जोडलेल्या आणि एकदाही न उठलेल्या मशीनमध्ये मला पुन्हा पुन्हा सापडतात त्या तीन गोष्टी. सीपीयूची वेगळी पॉवर केबल लावलेली नसते, बोर्डाखाली नको तिथे स्टँडऑफ नावाचा पितळी पाय असतो, नाहीतर रॅम पुरती बसलेली नसते. तिन्ही चुका फुकटात सुधारतात. पंचाईत एवढीच की तिन्ही एकाच मशीनमध्ये असू शकतात आणि मग एक चूक दुसरीला झाकून ठेवते. पहिली काढली तरी मशीन चालू होत नाही, फक्त वेगळ्या तऱ्हेने बंद राहतं. इथे माणूस वैतागतो, "काय उपयोग झाला नाही" म्हणतो आणि बरोबर केलेलं पुन्हा बिघडवून ठेवतो.

गेल्या जूनमध्ये माझ्या ताईच्या मुलाच्या मशीनमध्ये नेमकं हेच झालं. ताई देवगडजवळ जामसंड्याला असते. पोराने रायझन 5 7600 प्रोसेसर, बी650 चिपसेटचा पूर्ण एटीएक्स आकाराचा बोर्ड, डीडीआर5 रॅमच्या 16 जीबीच्या दोन पट्ट्या आणि सगळ्याला वीज देणारा 650 वॉटचा एसएमपीएस असं सामान मागवून रात्री जागून स्वतःच जोडलं. ग्राफिक्स कार्ड घेतलं नव्हतं. त्याची गरजही नव्हती, 7600 मध्ये स्क्रीनपुरतं ग्राफिक्स आतच असतं. रात्री अकराला फोन. "मामा, पंखो जरासो फिरता आणि थांबता. मगे बटण दाबलंय तर कायच नाय."

एवढ्या एका वाक्यावरून मला निम्मं काम कळलं. न उठणारं मशीन पंख्यातून बोलतं, आणि त्याचं बोलणं तीन प्रकारचं असतं.

पंखा हललाच नाही, तर वीज बोर्डापर्यंत पोचत नाही किंवा बटण पोचत नाही. एसएमपीएसच्या मागचा स्विच 'ओ'वरून रेघेवर केलाय का, 24 पिनची जाड केबल खटकन बसलीय का, आणि कॅबिनेटच्या पॉवर बटणाची दोन पिनची बारीक वायर बोर्डाच्या खालच्या कडेला बरोबर पिनांवर आहे का, एवढंच बघायचं. बटणाची वायर उलटी लागली तरी चालते, दिव्यांच्या वायरी उलट्या चालत नाहीत. शंका असली तर ती वायर काढून बोर्डाच्या पुस्तिकेत दाखवलेल्या दोन पॉवर पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा. मशीन चालू झालं तर दोष बटणात होता.

पंखा एक हिसका देऊन थांबला, तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे. एसएमपीएसने वीज सोडली, नको तिथून करंट वाहताना दिसला आणि त्याने स्वतःला बंद करून घेतलं.

पंखा फिरतच राहिला आणि स्क्रीन काळी, तर 24 पिनची वीज ठीक आहे आणि भानगड सीपीयू किंवा रॅमशी आहे.

भाच्याचं मशीन दुसऱ्या प्रकारचं होतं. "मगे दाबलंय तर कायच नाय" याने तो जास्त घाबरला होता, पण ते त्याच आजाराचं लक्षण. बहुतेक एसएमपीएस शॉर्ट पाहून बंद पडले की तसेच अडून बसतात. मागचा स्विच बंद करून अर्धा मिनिट थांबल्याशिवाय पुढचं बटण ऐकत नाहीत. पहिल्या वेळी हिसका आणि नंतर मेल्यासारखं शांत, हे दिसलं की मशीन मेलं नाही, एसएमपीएसने आपलं काम चोख केलं असं समजायचं.

मी विचारलं, "बोर्डाखाली पितळी खिळे किती लावलेस?"

"पिशवीत होते तेवडे सगळे. बोर्ड हलूक नको म्हणान."

स्टँडऑफ म्हणजे ते षटकोनी पितळी पाय. कॅबिनेटचा पत्रा आणि बोर्डाची पाठ यांच्यात साडेसहा मिलिमीटरच्या आसपास अंतर ठेवणं हे त्यांचं काम. बोर्डाच्या पाठीला सोल्डर केलेले शेकडो टोकदार पाय बाहेर आलेले असतात आणि कॅबिनेटचा पत्रा ग्राउंडला जोडलेला असतो. जिथे बोर्डाला भोक आहे तिथे भोकाभोवती मोकळी धातूची कडी असते, तिला स्टँडऑफ लागलेला चालतो, किंबहुना लागायलाच हवा. जिथे भोक नाही तिथे स्टँडऑफ उभा राहिला तर तो थेट त्या सोल्डरच्या पायांना टेकतो आणि 12 व्होल्टची लाइन पत्र्यात उतरते.

आणि कॅबिनेटला भोकं नेहमी जास्त असतात. एकाच कॅबिनेटमध्ये एटीएक्स, मायक्रो एटीएक्स आणि मिनी आयटीएक्स असे तीन आकार बसावेत म्हणून पत्र्यावर प्रत्येकाच्या जागा पाडलेल्या असतात. पूर्ण एटीएक्स बोर्डाला बहुधा नऊ भोकं असतात. मायक्रो एटीएक्सची सगळ्यात खालची रांग मात्र एटीएक्सच्या रांगेशी जुळत नाही, ती एटीएक्स बोर्डाच्या पोटाखाली, स्लॉटच्या आसपास येते. भाच्याने नऊ जागी नऊ लावले होते आणि उरलेले दोन त्या रांगेत घट्ट पिळून ठेवले होते. काही कॅबिनेटमध्ये कारखान्यातूनच त्या रांगेत स्टँडऑफ लावून येतात, त्यामुळे "मी काही लावलंच नाही" म्हणणाऱ्यानेही बघावं.

बघायचं कसं, ते त्याला फोनवर सांगितलं. बोर्ड काढ, तो तरुण भारतच्या पानावर ठेव, प्रत्येक भोकातून पेन्सिल घालून कागदाला भोक पाड. मग तोच कागद कॅबिनेटच्या पत्र्यावर मागच्या पोर्टांच्या खिडकीच्या बाजूने जुळवून ठेव. ज्या स्टँडऑफच्या डोक्यावर कागदाला भोक नाही तो काढायचा, आणि जिथे भोक आहे पण खाली काही नाही तिथे लावायचा. दहा मिनिटांत फोटो आला. कागदाला नऊ भोकं, खाली अकरा पितळी डोकी. बोर्डाच्या पाठीवर एका स्लॉटच्या सोल्डरजवळ बारीक षटकोनी ओरखडा उमटलेला स्पष्ट दिसत होता. बोर्ड जळला नाही हे त्या एसएमपीएसचे उपकार. स्वस्तातला, नावापुरता एसएमपीएस असता तर तेवढी खात्री मी दिली नसती.

कमी स्टँडऑफ लावले तरी त्रास होतो, पण तो वेगळा. आधार नसलेल्या कोपऱ्यात 24 पिनची केबल किंवा रॅम दाबताना बोर्ड वाकतो, पाठ पत्र्याला लागते, आणि कधी चालू कधी बंद असा खेळ सुरू होतो. तसंच मागच्या पोर्टांभोवतीच्या पत्र्याच्या पट्टीची एखादी जीभ नेटवर्क किंवा यूएसबीच्या तोंडात घुसलेली असते, तीही शॉर्ट करते. आणि सगळ्यात साधं कारण, बोर्डाखाली सांडलेला स्क्रू. कॅबिनेट हळू तिरकं करून कान लावा, खुळखुळ ऐकू येते.

(एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण तिच्यामुळे लोक उगाच शॉर्ट शोधत बसतात. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्यांसारखा बारीक करंट लागत असेल तर तो बोर्डाचा शॉर्ट नव्हे. घराला अर्थिंग नीट नसलं की एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून पत्र्यावर अगदी थोडा करंट येतो. आमच्या जांभ्याच्या कातळावर, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की हे घरोघरी होतं. वायरमन बोलावून अर्थिंग करून घ्याच, पण मशीन न उठण्याचं कारण ते नाही.)

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. जादा स्टँडऑफ काढले, बोर्ड परत बसवला, आता पंखे थांबत नाहीत, मस्त फिरतात, पण स्क्रीनवर काही नाही. तो हिरमुसला होता. मी मात्र खूश झालो, कारण मशीन दुसऱ्या प्रकारातून तिसऱ्या प्रकारात आलं होतं. शॉर्ट संपला होता आणि त्याच्याखाली दडलेलं काहीतरी आता दिसायला लागलं होतं.

"सीपीयूची केबल लावलीस?"

"होय मामा, लावलंय."

"नक्की? चार-चार पिनची?"

"होय. चार पिनची. तीच लावलंय."

व्हॉट्सॲपवर फोटो मागवला. कुलरच्या पंख्याने वरचा डावा कोपरा झाकलेला, बाकी अंधार. मोनिटरची वायर बोर्डाच्या एचडीएमआयला आहे हे दिसलं, तेवढंच. शेवटी रविवारी सकाळी बाइक काढली. नांदगाव तिठ्यावरून देवगडचा रस्ता, वाटेत दोनदा पावसाने गाठलं.

टॉर्च मारली आणि उलगडा झाला. त्याने लावलेली चार पिनची केबल होती सीपीयूच्या पंख्याची. ती बोर्डावर `CPU_FAN` असं लिहिलेल्या बारीक पिनांवर अगदी नीट बसली होती. सीपीयूला वीज देणारं आठ पिनचं तोंड, `CPU_PWR1`, वरच्या डाव्या कोपऱ्यात रिकामं होतं. आम्ही दोघं दोन दिवस "सीपीयूची चार पिनची केबल" म्हणत दोन वेगळ्या केबलींबद्दल बोलत होतो. तेव्हापासून फोनवर मी "सीपीयूची केबल" असा शब्दच वापरत नाही. "एसएमपीएसमधून निघून बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात जाणारी जाड केबल" असं अख्खं वाक्य म्हणतो.

ही केबल नसताना पंखे का फिरतात, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. पंखे, दिवे, यूएसबी यांना वीज मिळते ती 24 पिनच्या केबलमधून. सीपीयूला मात्र वेगळ्या वाटेने, त्या आठ पिनमधूनच वीज येते. ती 12 व्होल्टची वीज सीपीयूच्या शेजारच्या चौकोनी कॉइल आणि चिपा एक-सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवून सीपीयूला देतात. वाट बंद असली की बाकी घरात दिवाळी आणि देवघरात अंधार. काही बोर्ड अशा वेळी पंखेही बंद करतात किंवा चालू-बंद करत राहतात, पण बरेच बोर्ड निमूट पंखे फिरवत बसतात.

पोराने ही केबल विसरली नव्हती, हेही सांगायला हवं. पुस्तिकेत आठ पिन असं वाचून त्याने एसएमपीएसमधून आठ पिनची एक केबल शोधली, ती कोपऱ्यात लावून पाहिली, बसली नाही, म्हणून "ह्या आपल्या बोर्डाक लागत नसतला" म्हणून सोडून दिली. ती ग्राफिक्स कार्डाची केबल होती. बसली नाही हे चांगलंच झालं. ओळखायची खूण अशी की सीपीयूची केबल दुभागली तर चार आणि चार होते, ग्राफिक्सची सहा आणि दोन. दोघींच्या पिनांचे चौकोनी-गोल कोपरे वेगळे केलेले असतात, कारण आतली व्यवस्था उलटी असते. सीपीयूच्या केबलमध्ये क्लिपच्या बाजूच्या चारही पिनांत 12 व्होल्ट असतात, ग्राफिक्सच्या केबलमध्ये क्लिपच्या बाजूला ग्राउंड. जोर करून एक दुसरीच्या जागी घातली तर सरळ शॉर्ट. हल्ली सगळ्या वायरी काळ्या येतात, त्यामुळे रंग बघून काही कळत नाही. तोंडावर CPU की PCIe काय छापलंय ते वाचा. सुट्या केबलींचा एसएमपीएस असेल तर आणखी एक पथ्य पाळा. त्याच्यासोबत आलेल्या केबलीच वापरा. दुसऱ्या एसएमपीएसची केबल मागच्या बाजूला बसते, पण आतला क्रम वेगळा असू शकतो आणि तेव्हा खरंच धूर निघतो.

केबल लावणं हे काम दोन मिनिटांचं, पण आमची वीस मिनिटं गेली. कुलर आणि कॅबिनेटचं छत यांच्यात माझी दोन बोटंही शिरत नव्हती. मागचा पंखा चार स्क्रू काढून बाजूला घेतला, केबल पत्र्याच्या मागून वरच्या भोकातून ओढली, दोन्ही चौकड्या आधी एकमेकींत अडकवून एकच आठ पिनचं तोंड केलं, आणि मग दाबलं. क्लिप बोर्डाच्या दातावरून खाली उतरल्याचा बारीक 'टक' आवाज येतो. आला नाही तर केबल तिरकी अर्धवट बसलीय असं समजा आणि हलकेच ओढून बघा. पुन्हा जोडायची वेळ आली तर ही केबल बोर्ड कॅबिनेटमध्ये ठेवतानाच ओढून घ्यायची, कुलर चढवायच्या आधी. काही बोर्डांवर आठ पिनच्या शेजारी आणखी एक चार किंवा आठ पिनचं तोंड असतं. 65 वॉटच्या 7600 सारख्या प्रोसेसरला ते रिकामं राहिलं तरी चालतं.

चालू केलं. पंखे फिरले, स्क्रीन काळीच. ताईच्या सासूबाई दारात उभ्या होत्या. "बंद कर रे ता, जळात काय तरी." पण मी स्क्रीनकडे बघतच नव्हतो. 24 पिनच्या केबलजवळ बोर्डावर चार बारीक दिवे असतात, शेजारी CPU, DRAM, VGA, BOOT अशी नावं. मशीन उठताना याच क्रमाने एकेक गोष्ट तपासतं आणि जिथे अडेल तो दिवा पेटलेला राहतो. मघाशी CPU चा दिवा जळत होता. आता तो विझून DRAM चा लागला होता. स्क्रीन तीच काळी, पण मशीन एक पायरी पुढे आलं होतं.

"ह्यो दिवो मी मगाशी बघूक नाय," भाचा म्हणाला. बघणार कसा, सीपीयूला वीज नसताना तो लागणारच नव्हता.

आता इथे डीडीआर5 वाल्यांनी नीट ऐका, कारण चांगली मशीनं इथेच खराब ठरवली जातात. एएम5 सॉकेटचा बोर्ड नवी रॅम पहिल्यांदा बघतो तेव्हा तिच्याशी बोलताना सिग्नलची वेळ आणि व्होल्ट नेमके कसे जुळवायचे हे तो स्वतः चाचण्या घेऊन ठरवतो. याला ट्रेनिंग म्हणतात. तेवढा वेळ स्क्रीन काळी, पंखे चालू आणि DRAM चा दिवा पेटलेला. म्हणजे बिघाडात दिसतं तेच सगळं. एक-दोन मिनिटं लागतात, कधी त्याहून बरीच जास्त, विशेषतः बायोस जुना असेल आणि रॅम मोठी असेल तर. अर्ध्या मिनिटात धीर सुटून बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून. म्हणून पहिल्या वेळी घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबायचं. चहा प्यायचा. बायोसची बॅटरी काढली किंवा रॅम बदलली तरी हा प्रकार पुन्हा होतो, पण रोज होत नाही.

आम्ही पंधरा मिनिटं थांबलो. चहा झाला, आंबोळी झाली, दिवा तिथेच. म्हणजे ट्रेनिंग नव्हतं, रॅमच दिसत नव्हती.

बटण दाबून धरून मशीन बंद केलं, भिंतीवरचा स्विच बंद केला, आणि पॉवर बटण दोन-तीनदा दाबून आत साठलेली वीज उतरवली. मग रॅमकडे आडव्या नजरेने बघितलं. स्लॉटच्या वरच्या टोकाची पांढरी कडी व्यवस्थित बंद होती. खालच्या टोकाला कडीच नव्हती. हल्लीच्या बऱ्याच बोर्डांना एकाच बाजूला कडी असते, दुसऱ्या बाजूला नुसती खाच. पोराने कडीच्या बाजूने दाबलं, 'टक' ऐकलं आणि झालं असं समजला. खालच्या टोकाला मात्र सोनेरी पट्ट्यांची दीड-दोन मिलिमीटरची तिरकी रेघ बाहेर दिसत होती. नीट बसलेल्या रॅमची सोनेरी रेघ कुठेच दिसत नाही, आणि पट्टीची वरची कड स्लॉटला समांतर असते. आवाजावर विसंबू नका, ही रेघ बघा.

दोन्ही पट्ट्या काढल्या. एकच पट्टी घेतली आणि सीपीयूपासून मोजून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली. बोर्डावर याला `A2` म्हणतात, आणि एकच पट्टी असली तर बहुतेक बोर्डांना ती इथेच हवी असते. दोन असल्या तर दुसरी आणि चौथी जागा, शेजारी-शेजारी नव्हे. लावताना आधी मधली खाच जुळवायची, मग कडी नसलेलं टोक पहिलं पूर्ण खाली न्यायचं आणि मग दोन अंगठ्यांनी दोन्ही टोकं एकदम दाबायची. जोर बराच लागतो, नवशिक्यांचा हात तिथेच कचरतो. पण खाच जुळत नसताना तोच जोर लावला तर स्लॉट फुटतो. डीडीआर4 आणि डीडीआर5 दोन्हींना 288 पिना असल्या तरी खाच वेगळ्या जागी असते, तेव्हा मागवताना चुकलं असेल तर तेही इथेच कळतं.

सोनेरी पट्ट्या मी सवयीने खोडरबराने पुसल्या आणि कोरड्या ब्रशने झटकल्या. नव्या रॅमला सहसा गरज नसते. पण बंदराजवळच्या घरात खाऱ्या वाऱ्यात पावसाळाभर उघडी पडलेली जुनी रॅम नव्या मशीनमध्ये घातली असेल तर हे आधी करा, तिथे पट्ट्यांवर पुटं चढतात. स्टॅटिकची धास्ती मात्र आमच्याकडे जून-जुलैत फारशी बाळगू नये, हवेत एवढा ओलावा असताना ते फारसं साठत नाही. पंख्याखाली ओल्या हातांनी काम करणं त्यापेक्षा वाईट.

चालू केलं. DRAM चा दिवा पुन्हा लागला. भाच्याचं तोंड पडलं. मी मोबाइलवर वेळ लावली. साधारण चार मिनिटांनी पंख्यांचा आवाज एकदम खाली आला, DRAM विझला, VGA क्षणभर चमकला आणि स्क्रीनवर बायोस उमटलं. रॅम 16 जीबी. बंद करून दुसरी पट्टी चौथ्या स्लॉटमध्ये घातली, पुन्हा थांबलो, 32 जीबी.

हे सगळं करूनही तुमचं मशीन उठत नसेल तर कॅबिनेट बाजूला ठेवा. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा, बोर्ड ज्यात आला त्या चकचकीत पिशवीवर नको, काही पिशव्यांचा बाहेरचा थर वीज वाहतो. सीपीयू, कुलर, `A2` मध्ये एक पट्टी, 24 पिन, आठ पिन, आणि मोनिटर. दुसरं काही नको, हार्ड डिस्कही नको. पॉवर पिनांना स्क्रू ड्रायव्हर टेकवा. खोक्यावर उठलं आणि कॅबिनेटमध्ये उठत नसेल तर दोष स्टँडऑफ, पत्र्याची जीभ किंवा बटणाच्या वायरीत आहे, पार्टात नाही. खोक्यावरही उठलं नाही तर दुसरी पट्टी एकटी लावून बघा, मग बायोसची सीआर2032 बॅटरी पाच मिनिटं काढून ठेवा. CPU चा दिवा आठ पिन लावूनही जातच नसेल तर सीपीयू उचलून सॉकेटमधल्या पिनांवर तिरका उजेड पाडा, एखादी वाकलेली पिन वेगळी चमकते. आणि प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल तर बोर्डाच्या कंपनीच्या यादीत तो कोणत्या बायोसपासून चालतो ते बघा. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशचं बटण असेल तर पेनड्राइव्हवरून सीपीयू ओळखला नसतानाही नवं बायोस घालता येतं. VGA चा दिवा राहिला आणि प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी F असेल, तर त्यात ग्राफिक्स नाही. मोनिटर बोर्डाला लावून काही दिसणार नाही, कार्डच हवं. एवढ्यावरही काळोखच असेल तर मग खुशाल बोर्ड परत पाठवा, आणि दुकानदाराला खोक्यावर काय काय लावून बघितलं ते लिहून द्या, म्हणजे तो तुम्हाला पुन्हा पहिल्यापासून तेच करायला सांगणार नाही.

मुंबईहून तयार जोडून आलेल्या मशीनला हे सगळं उलट्या क्रमाने करा. तिथे चाललेलं मशीन रात्रभर गाडीत हादरे खात आलेलं असतं. रॅम काढून परत बसवा, जड ग्राफिक्स कार्ड असेल तर तेही, आणि मग बाकी.

रविवारी दुपारी मी कणकवलीला पोचलो तोवर पुन्हा फोन वाजला होता. "मामा, पडदो दिसता, सगळा दिसता. पण तो शेवटचो दिवो अजून पेटलेलो हा, BOOT चो."

डिस्क रिकामी होती, विंडोज टाकायचं होतं. तो दिवा पेनड्राइव्ह लावल्यावर विझला.